एकाची शेपटी

कानामात्रा हे काही तिचं खरं नाव नव्हे. ऑफिसातल्या लोकांनी ते ठेवलं होतं, आणि तेही पाठीमागे नाही, तोंडावर. एखाद्याचा ऱ्हस्व-दीर्घ चुकला की बाई खुर्चीवरून उठून त्याच्या टेबलापर्यंत जायची आणि बोट ठेवून दाखवायची. लोक हसायचे, पण चूक सुधारायचे. तिलाही नाव आवडलं होतं. बावन्न वर्षांच्या बाईला कुणी प्रेमाने नाव ठेवावं, असं रोज कुठे घडतं?

तिचं काम थोडं नवलाईचं होतं. डोळ्यांच्या एका दवाखान्यासाठी तिच्या कंपनीने फोनवर उत्तरं देणारा मदतनीस बनवला होता. माणूस नाही, प्रोग्राम. रुग्णाने मराठीत लिहून विचारायचं, पुढची तारीख कधी, पैसे किती, जेवून यायचं का उपाशी, आणि त्याने मराठीत उत्तर द्यायचं. ते मराठी कसं असावं याचे नियम कानामात्रा लिहायची. 'आपण' म्हणायचं की 'तुम्ही', 'कृपया' किती वेळा, आणि आकडे मराठी की इंग्रजी.

या शेवटच्या नियमावरून तीन महिने भांडण चाललं होतं. प्रोग्रामरचं म्हणणं, सगळे आकडे इंग्रजी ठेवा. बिलावर इंग्रजी असतात, पैसे भरायच्या पानावर इंग्रजी असतात, आणि इंग्रजीत तारीख आली की बहुतेक फोन ती ओळखतात, बोट लावलं की कॅलेंडरमध्ये टाकतात. कानामात्राचं म्हणणं, मराठी उत्तरात मराठी आकडे हवेत. नाहीतर काय, भाषा आमची आणि हिशोब परक्याचा? ती इतकं पोटतिडकीने बोलली की साहेबांनी कंटाळून तोडगा काढला. तारखा मराठी आकड्यांत, किमती इंग्रजी आकड्यांत. वेळ दवाखान्याच्या वहीतून थेट येत होती, ती आपोआप इंग्रजीतच राहिली. कुणालाच पूर्ण हवं ते मिळालं नाही, म्हणजे तोडगा चांगला असणार, असं सगळ्यांनी धरलं. कानामात्राने त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

मराठी आकड्यांचं हे वेड तिला भाऊजींनी लावलं होतं. तिच्या मोठ्या बहिणीचा नवरा पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, गाड्यांच्या, दवाखान्यांच्या. ताईचं लग्न झालं तेव्हा ही दहा वर्षांची होती, आणि सुट्टी लागली की ताईकडे पळायची, ती ताईसाठी कमी आणि रंगाच्या डब्यांसाठी जास्त. भाऊजी तिला ब्रश धरायला शिकवायचे. पाचाचं पोट कसं काढायचं, आठाची कमान कुठे मोडायची. त्यांच्या हातचा मराठी आकडा बघून लोक पाटीसमोर थांबायचे. त्या माणसाचे आता डोळे गेले होते. उजवा जवळजवळ पूर्ण. डाव्याच्या पडद्यामागे नको त्या रक्तवाहिन्या वाढत होत्या आणि झिरपत होत्या, म्हणून दर चार आठवड्यांनी त्या डोळ्यात इंजेक्शन. तो डोळा टिकवायचा, एवढीच आता त्या घराची धडपड होती.

आणि दवाखाना तोच. कानामात्रानेच सुचवला होता. "आमचा मदतनीस तिथे आहे ताई, तुम्हाला फोन करकरून विचारायला नको," असं ती मोठ्या तोऱ्यात म्हणाली होती.

नऊ जूनला दुपारी ताईचा ऑफिसात फोन आला. ताई रडत नव्हती, चिडली होती.

"आम्हाला परत पाठवलं. म्हणे तारीख एक जूनची होती. आठ दिवस उशीर. आणि म्हणे इंजेक्शनं फक्त सोमवारी देतात, आज मंगळवार. आता पुढच्या सोमवारी या."

"पण तुम्ही एकला का नाही गेलात?"

"सूनबाईंनी वाचलं ना. नऊ वाचलं. इतकी शिकलेली मुलगी, तिला तारीख वाचता येत नाही."

कानामात्राने फोन ठेवला आणि दवाखान्याच्या संभाषणांची नोंद उघडली. भाऊजींचा नंबर टाकला. सुनेचा प्रश्न समोर आला: 'बाबांचं मागचं इंजेक्शन 4 मे ला झालं. पुढची तारीख कधी?' त्याखाली मदतनिसाचं उत्तर: 'पुढील इंजेक्शन १ जून रोजी, सकाळी 10:30 वाजता. शुल्क 4,800 रुपये.'

ती बघत राहिली. स्क्रीनवरचं ते अक्षर बारीक होतं. वर गोल, खाली वाकडी शेपटी. एका ओळीत तीन आकडे, त्यातले दोन इंग्रजी. वेळ इंग्रजी, पैसे इंग्रजी. ज्या मुलीने शाळेपासून फक्त इंग्रजी आकडे गिरवले, तिने मधल्या एकट्या आकड्याला काय म्हणायचं? नऊच म्हणायचं. दुसरं काय म्हणणार.

इथपर्यंत असतं तर म्हटलं असतं, चुकून झालं, माणूस आहे, होतं. पण नाही. कानामात्राला एक तक्ता आठवला, आणि आठवू नये तेच नेमकं आठवतं म्हणतात ना, तसं झालं. हिवाळ्यात दवाखान्याच्या काउंटरवालीने चाळीस लोकांना नमुन्याची उत्तरं दाखवून बघितली होती. तिघांनी एकला नऊ वाचलं. तिघंही तरुण, तिघांनाही मराठी उत्तम. काउंटरवालीने त्या तीन ओळींपुढे साधं लिहिलं होतं: 'इंग्रजी आकड्यांच्या शेजारी १ आला की 9 वाटतो. काय करायचं?' कानामात्राने तो तक्ता उघडला. शेवटच्या रकान्यात तिचा शेरा होता, तिच्याच शब्दांत: 'वाचकाची चूक. नियम कायम.'

तिने तो शेरा चार वेळा वाचला. त्यात एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला नव्हता.

संध्याकाळी ती ताईकडे गेली. जाताना रस्ताभर ठरवत होती, आत गेल्या गेल्या सांगून टाकायचं. चपला काढायच्या आधीच सांगायचं. पण दार उघडलं आणि आतला प्रकार बघून ते तसंच राहिलं. भाऊजी खुर्चीत डोळे मिटून बसले होते. सून ओट्याशी पाठ करून उभी होती. ताईच्या तोंडाचा पट्टा चालू होता, आणि तिच्या हातात सुनेचा फोन होता.

"ये, बरी आलीस," ताई म्हणाली. "तू भाषावाली. तूच सांग हिला. हे काय लिहिलंय? एक की नऊ?"

फोन कानामात्राच्या नाकासमोर आला. सून वळली. तिचे डोळे लाल होते, पण ती नीट सरळ बघत होती. तिला खरंच उत्तर हवं होतं. कुणीतरी जाणत्या माणसाने सांगावं, यात घोळ होतोच, तुझ्या जागी कुणीही असतं तरी चुकलं असतं, एवढ्याच आशेवर ती उभी होती. आणि ते सांगू शकेल असं जगात नेमकं एकच माणूस होतं.

"एक आहे," कानामात्रा म्हणाली.

खोटं बोलली का? मुळीच नाही. एकच होता तो. शंभर टक्के शुद्ध, व्याकरणशुद्ध एक.

"बघ," ताई म्हणाली. सुनेने फोन घेतला आणि ती आत गेली. कानामात्राला चहा मिळाला. तिने तो प्यायला. त्या चहाची तिला पुढे कितीतरी दिवस किळस येत होती, पण त्या वेळी प्यायला, आणि वर ताईला म्हणाली, "जाऊ दे ग, होतं असं." कुणाला जाऊ दे म्हणत होती देव जाणे. स्वतःलाच म्हणत असावी.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात ती प्रोग्रामरकडे गेली आणि म्हणाली, तारखांचा नियम बदलायचाय. त्याने खुर्ची गर्रकन फिरवली.

"तुम्ही? तुम्ही बदलताय?"

"हो."

"तीन महिने माझं डोकं खाल्लंत."

"हो."

"मग सगळे इंग्रजी करू?"

"नाही," ती म्हणाली. इथे ती शहाणपणाने बोलली, ते मान्य करायला हवं. "सगळे इंग्रजी केले तर म्हातारी माणसं अडतील. माझ्या ताईला मराठी आकडा पटकन वाचता येतो, इंग्रजीला ती चष्मा शोधते. विचारणारा ज्या आकड्यांत लिहील, त्याच आकड्यांत उत्तर जाऊ दे. वेळ, तारीख, पैसे, सगळं एकाच जातीचं. कुणी आकडाच लिहिला नसेल तर इंग्रजी, कारण बिल आणि पैसे भरायचं पान तसंच आहे, किंमत दोन्हीकडे सारखी दिसायला हवी. आणि तारखेला वार हवाच. महिना आकड्यात नको, अक्षरात."

"वार कशाला?"

"वार असता तर चूक त्याच दिवशी कळली असती."

"कुठली चूक?"

ती म्हणाली, "तक्रारी आल्यात." तक्रारी. अनेकवचन. एका घरातल्या एका मुलीच्या रडण्याला तिने अनेकवचन लावलं आणि त्यामागे लपली. प्रोग्रामर भला माणूस. त्याने आणखी विचारलं नाही, दोन दिवसांत बदल करून टाकला.

नियम सुधारला, म्हणजे झालं, असं तिला वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ती रोज संध्याकाळी ताईकडे जायला लागली. कधी फळं, कधी भाऊजींसाठी रेडिओचे सेल. सून दार उघडायची, "या मावशी" म्हणायची, आणि आत जायची. ताई सुनेशी कामापुरतं बोलायची. औषधाच्या बाटलीवरची तारीखसुद्धा ताई आता शेजारणीला विचारायची, सून समोर उभी असताना. कानामात्रा हे सगळं बघायची, आणि रोज घरी येताना उद्या सांगू म्हणायची.

शनिवारी सकाळी भाऊजी उठले ते म्हणाले, डाव्या डोळ्यासमोर मधोमध काळा डाग आलाय. खिडकी दिसते, खिडकीच्या मधलं दिसत नाही. लगेच दवाखान्यात नेलं. तिथे जो डॉक्टर होता त्याने बघितलं, आत रक्त उतरलंय म्हणाला, सोमवारी मोठ्या डॉक्टरीणबाई देतील तेच इंजेक्शन.

सोमवारी कानामात्राही सोबत गेली. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं, पट्टी लावली, आणि बाहेर येऊन सगळ्यांशी नीट बोलल्या. डाग काही प्रमाणात ओसरेल, मधली बारीक नजर कितपत परत येईल ते आत्ता सांगता येत नाही.

"एक तारखेला आलो असतो तर?" सुनेने विचारलं. तो प्रश्न दुसऱ्या कुणाची विचारायची छाती नव्हती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कदाचित झालं नसतं. कदाचित झालंही असतं. तसं कुणालाच सांगता येणार नाही."

सुनेने मान हलवली. पहिलं वाक्य तिने ठेवून घेतलं, दुसरं सोडून दिलं, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. कानामात्राला ते बघवेना.

घरी आल्यावर भाऊजींना खुर्चीत बसवलं. ताई पाणी आणायला उठली तेव्हा कानामात्रा म्हणाली, "बस ताई. मला बोलायचंय." पिशवीतून तिने तक्त्याचं छापून आणलेलं पान काढलं. सहा दिवस ते पिशवीत होतं, घड्यांवर फाटायला आलं होतं. आणि तिने वाचून दाखवलं. काउंटरवालीचा प्रश्न आधी, मग स्वतःचा शेरा.

कुणाला लगेच कळलं नाही. तिला समजावून सांगावं लागलं, आणि ते समजावणं शेरा वाचण्यापेक्षा जड गेलं. तो आकडा तसा यावा हा नियम माझा. शेजारी इंग्रजी आकडे आले की तो नऊ वाटतो हे मला सहा महिन्यांपूर्वी लिहून कळवलं होतं. मी ऐकलं नाही. "हिची चूक नाही ताई. तिने जे वाचलं तेच दिसतं तिथे. चूक माझी आहे."

ताई म्हणाली, "मी तुला विचारलं होतं. फोन समोर धरून विचारलं होतं."

"हो."

"मला तोंडघशी पाडलंस तू," ताई म्हणाली. सुनेकडे बघायची तिची हिंमत झाली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"मावशी," सून म्हणाली, "त्या दिवशी 'एक आहे' म्हणालात, तेव्हा हे तुम्हाला माहीत होतं?"

"दुपारीच कळलं होतं."

"बरं." सून उठली, ओट्याशी गेली, धुतलेले कप परत धुवायला लागली. ओरडली असती तर बरं झालं असतं. कानामात्रा ओरडा खायची तयारी करून आली होती, आणि त्याच्यापुढे काय करायचं ते तिने ठरवलंच नव्हतं.

बोलले ते भाऊजी. पट्टीखालून, मान कानामात्राच्या दिशेने वळवून. "एकाची शेपटी किती ओढली होती?"

"भाऊजी, छापील असतं ते. फोनमधलं अक्षर. शेपटी आपल्या हातात नसते."

"मग त्याच्या बाजूला इंग्रजी आकडा ठेवायचा नव्हता. तुला दाखवलं होतं मी. तो भांडीवाला आठवतो?"

तिला आठवला. आणि नसता आठवला तर बरं, असं वाटलं. भांड्यांच्या दुकानाची पाटी होती. दुकान उघडायची तारीख भाऊजींनी मराठीत काढली, आणि दुकानदाराने हट्टाने भाव इंग्रजीत घालायला लावले. संध्याकाळी भाऊजी रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले, पाटी बघितली, आणि परत येऊन ओल्या रंगावर फडकं फिरवलं. पूर्ण पाटी पुन्हा रंगवली, स्वतःच्या रंगाने. हिने विचारलं होतं, कुठले आकडे चांगले, मराठी की इंग्रजी? तेव्हा ते म्हणाले होते, "मला नको विचारू. रस्त्यावरून येणाऱ्याला विचार. पण एका पाटीवर एकच." दहा वर्षांच्या पोरीने त्यांच्या हातचा सुंदर एक तेवढा लक्षात ठेवला, आणि फडकं विसरली.

"तुमच्यासाठीच हट्ट केला होता मी," ती म्हणाली. ते सांगायचं नव्हतं, तोंडातून निसटलं.

"माझ्यासाठी?" भाऊजी म्हणाले. "मला कुठे वाचता येतंय आता. मला सूनबाई वाचून दाखवते."

यावर कानामात्राला रडू आलं, आणि कुणी तिला थोपवलं नाही. ते योग्यच होतं. थोड्या वेळाने ताईने पाण्याचा ग्लास सरकवला, पण तोही न बघता.

दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसात तो शेरा सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला, त्यापायी काय झालं तेही सांगितलं, आणि काउंटरवालीला फोन करून माफी मागितली. काउंटरवाली म्हणाली, "अहो, मला वाटलं तुम्ही वाचलंच नसेल." कानामात्राने सांगितलं, वाचलं होतं. तेव्हापासून ऑफिसात तिला कुणी कानामात्रा म्हणत नाही. कुणी ठरवून थांबवलं असं नाही, आपोआप बंद झालं. तिला त्याची चुटपुट लागते, पण सांगणार कुणाला.

भाऊजींचा डाग थोडा ओसरला. खिडकीच्या मधोमध आता काळं नाही, राखाडी आहे. पाटीवरची अक्षरं मात्र ते वाचू शकत नाहीत, आणि पुढे वाचतील असं डॉक्टरीणबाई म्हणत नाहीत.

महिनाअखेरीस एका संध्याकाळी ती ताईकडे बसली असताना सुनेने फोन काढला आणि मदतनिसाला विचारलं: '15 जूनला इंजेक्शन झालं. पुढची तारीख?' लगेच उत्तर आलं. नव्या नियमाचं पहिलंच उत्तर या घरात येत होतं. कानामात्रा जागची उठली नाही, पण तिचा जीव फोनला टांगला होता.

"काय म्हणतोय ग?" भाऊजींनी विचारलं.

सुनेने वाचायला तोंड उघडलं. मग मिटलं. ती उठून आली आणि फोन कानामात्राच्या हातात दिला.

"तुम्ही वाचा मावशी. मी तारखा वाचत नाही आता."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. खवचटपणाही नव्हता. मीठ कमी घालते हल्ली, असं सांगावं तितक्या साधेपणाने ती म्हणाली. कानामात्राने फोन धरला. 'पुढील इंजेक्शन सोमवार, 13 जुलै रोजी, सकाळी 10:30 वाजता. शुल्क 4,800 रुपये.' सगळे आकडे एका जातीचे, वार अक्षरात, महिना अक्षरात. लहान पोराचीसुद्धा चूक होणार नाही इतकं स्वच्छ.

"सोमवार, तेरा जुलै," तिने वाचलं. "सकाळी साडेदहा."

"नक्की?" सुनेने विचारलं.

"नक्की."

"परत एकदा बघा ना," सून म्हणाली, आणि कानामात्राने परत एकदा बघितलं.